सुरुवात कुठून केली, यावर उत्तर ठरतं का?

आधी एक गुणाकार. पाचवी-सहावीच्या वर्गात करून बघण्यासारखा आहे. वर्गाचे दोन गट करा. एका गटाला ८ × ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ हे पाच सेकंद दाखवा, दुसऱ्याला १ × २ × ३ × ४ × ५ × ६ × ७ × ८. अंदाजे उत्तर कागदावर लिहायला सांगा. गटांनी एकमेकांची पाटी बघायची नाही, बरं का!

गुणाकार एकच आहे हे आपल्याला दिसतं. क्रम बदलला तरी गुणाकार बदलत नाही, हे तर आपणच शिकवतो. पण डॅनियल काहनेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हेच कोडं हायस्कूलच्या मुलांना घातलं आणि १९७४ साली निकाल मांडले. आठपासून सुरू झालेल्या गटाच्या अंदाजांचा मध्यक आला २२५०, एकपासून सुरू झालेल्यांचा ५१२. खरं उत्तर ४०,३२०.

असं का झालं? पाच सेकंदांत सगळा गुणाकार होत नाही. पहिला गट ५६, ३३६ असं करत थांबतो आणि तिथून वर अंदाज बांधतो. दुसरा गट २, ६, २४ पर्यंत पोहोचतो आणि तिथून वर जातो. वर जायचं हे दोघांनाही कळतं, पण दोघंही पुरेसं जात नाहीत. होडी नांगराच्या दोरीइतकीच फिरते, तसं. म्हणूनच याला अँकरिंग म्हणतात. ज्याला उत्तर पाठ आहे त्याच्यावर मात्र हा नांगर चालत नाही. जिथे आपल्याला नक्की माहीत नसतं तिथे तो पकडतो. निबंध तपासताना नक्की काय माहीत असतं हो? शेजारच्या रकान्यात मागच्या चाचणीचे गुण दिसले की आपला आकडा तिकडे ओढला जाऊ शकतो. तो रकाना झाकून तपासावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारावीच्या अर्थशास्त्रात ग्राहक विवेकशील असतो असं गृहीत धरतात. म्हणजे शेवटी पदरात काय पडतं एवढंच तो बघतो. सुरुवात कुठून झाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काहनेमान-ट्वर्स्की यांचं म्हणणं याच्या उलट. माणूस सुरुवातीची एक जागा धरतो आणि तिथून नफा की तोटा ते मोजतो. आणि तोटा जास्त बोचतो. नाणेफेकीत हरलात तर १०० रुपये द्यायचे, जिंकलात तर ११० मिळायचे, असं म्हटलं तर बहुतेक जण नको म्हणतात. साधारण २०० मिळणार असतील तर तयार होतात. हे दुपटीचं प्रमाण काही दगडावरची रेघ नाही. माणूस आणि रक्कम बदलली की तेही बदलतं.

याची परीक्षा चक्क शिक्षकांवर झाली आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या शिकागो हाइट्स गावातल्या शाळांत २०१०-११ या वर्षी शिक्षकांना मुलांच्या प्रगतीनुसार बक्षीस ठेवलं. काहींना ते नेहमीसारखं वर्षाअखेरीस मिळणार होतं. काहींना ४००० डॉलर वर्षाच्या सुरुवातीलाच दिले. मुलांची प्रगती तेवढ्या बक्षिसाइतकी झाली नाही तर फरकाची रक्कम परत करायची, जास्त झाली तर वरची रक्कम मिळायची. प्रगती सारखी असेल तर शेवटी हातात राहणारे पैसे दोन्हीकडे सारखेच. विवेकशील माणसाला यात फरक दिसायला नको. पण त्या वर्षी पैसे आधी मिळालेल्या शिक्षकांची मुलं गणितात ठळकपणे पुढे गेली. अखेरीस बक्षीस असलेल्या गटात तसा ठोस परिणाम दिसला नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, चला, मुलांनाही सोमवारी दहा तारे देऊ आणि चुकलं की काढून घेऊ. मी याच्या विरोधात आहे. युक्ती चालेल, कदाचित जोरात चालेल. पण ती चालते तीच मुळी बोचण्यामुळे. शिकागोचे शिक्षक मोठे होते, अटी वाचून तयार झाले होते. दुसरीतल्या पोराने कसल्या अटी वाचल्या? आणि हिशोब तोच ठेवून शून्यापासून तारे वाढवत नेता येतातच की.

पालकांच्या बाबतीत सुरुवातीची जागा म्हणजे मागची चाचणी. पहिल्या चाचणीत ८५ पडले की घरात ८५ हे शून्य होतं. मग दुसरीत आलेले ७८ हे ‘७८ मिळाले’ राहत नाहीत, ‘७ गेले’ होतात. त्यात दुसरा पेपर अवघड होता का, धडे नवे होते का, हे विचारायचं राहूनच जातं. पालकसभेत मी म्हणूनच गुणांच्या आधी वही दाखवते. वहीत कोणती उदाहरणं आता जमतात ते दिसतं, आणि आकडा नंतर सांगितला की बोलणं त्या उदाहरणांवरच राहतं.