चिकटवलेल्या वस्तूची सावली

समजा तुमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी बांधायची आहे. ती कशी दिसेल हे पालकांच्या सभेत दाखवण्यासाठी कोणी तरी मैदानाच्या छायाचित्रात दुसऱ्या गावच्या टाकीचे चित्र बसवले. संगणकावर हे काम आता काही मिनिटांचे आहे. पण सभेत पहिला प्रश्न हाच येणार, की टाकीची सावली कुठपर्यंत पडेल? सावली अंदाजाने रंगवलेली असेल, तर ते चित्र या साध्या प्रश्नाचे खोटे उत्तर देईल.

असे काम करणाऱ्यांना सहसा दोन सूचना दिल्या जातात. शेजारच्या सावलीला समांतर अशी नवी सावली काढा, आणि तिच्या कडा सगळीकडे सारख्या पुसट करा. माझ्या मते या दोन्ही सूचना चुकीच्या आहेत आणि त्या का चुकतात हे समजायला नववी-दहावीचे प्रकाशशास्त्र व भूमिती पुरेशी आहे.

आधी दिशेचा विचार करू. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्या मैदानापुरते समांतर मानता येतात. त्यामुळे सपाट जमिनीवर उभ्या खांबांच्या सावल्या एकमेकींना समांतर पडतात. हे जमिनीवर खरे आहे, पण छायाचित्रात नाही. आगगाडीचे रूळ समांतर असूनही चित्रात ते दूरवर एका बिंदूत मिळालेले दिसतात. सावल्यांचेही तसेच होते. सूर्य छायाचित्रकाराच्या अगदी डाव्या किंवा उजव्या हाताला असेल, तेव्हाच त्या चित्रातही समांतर राहतात.

आता आपले मैदान घ्या. सूर्य छायाचित्रकाराच्या मागे डावीकडे आहे, म्हणून सावल्या त्याच्यापासून दूर, उजवीकडे जातात. मैदानावर व्हॉलीबॉलचे दोन खांब आहेत. छायाचित्राची प्रत मोठ्या ड्रॉइंग पेपरवर चिकटवा. दोन्ही खांबांच्या सावल्यांच्या मध्यरेषा पेन्सिलीने पुढे वाढवा. त्या जिथे छेदतील त्या बिंदूला ‘क’ म्हणू. हा बिंदू क्षितिजरेषेवर यायला हवा. इमारतींमुळे क्षितिज दिसत नसले तरी हरकत नाही. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंच असेल, तर सपाट मैदानावरील प्रत्येक खांबाचा दीड मीटर उंचीचा भाग चित्रात क्षितिजरेषेवरच येतो. ‘क’ त्या रेषेवर आला नाही, तर जमीन उताराची आहे, खांब कललेला आहे किंवा तुमची रेघ चुकली आहे, असे समजावे.

आता एका खांबाच्या शेंड्यापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत रेघ काढा आणि ती तशीच पुढे वाढवा. ‘क’पासून सरळ खाली काढलेल्या रेषेला ती जिथे छेदते तो बिंदू ‘ख’. कॅमेरा आडवा धरलेला असेल, तर ‘ख’ नेमका ‘क’च्या खाली असतो. मैदानावर छायाचित्रकाराची स्वतःची सावली पडते, तिच्यातील कॅमेऱ्याची जागा म्हणजेच हा बिंदू. बऱ्याचदा तो चित्राच्या चौकटीबाहेर जातो, म्हणून तर मोठा कागद घ्यायचा.

पुढचे काम सोपे आहे. टाकीच्या तळापासून ‘क’कडे एक रेघ काढा आणि माथ्यापासून ‘ख’कडे दुसरी. त्या दोन्ही जिथे छेदतील तिथे सावलीचे टोक. दिशा आणि लांबी दोन्ही एकाच वेळी मिळाल्या! सूर्य समोर असेल तर ‘ख’च्या जागी प्रत्यक्ष सूर्याचे चित्र येते आणि ‘क’ त्याच्या खाली असतो. त्या वेळी सावल्या ‘क’पासून दूर, आपल्याकडे येतात. चिकटवलेल्या टाकीची उजळ बाजू मात्र सूर्याकडे हवी. ती नसेल तर सावली कितीही अचूक काढली तरी चित्र जमणार नाही. दुसरे चित्र शोधावे हे बरे.

आता पुसटपणाकडे वळू. ग्रहणाच्या पाठात तुम्ही प्रच्छाया आणि उपच्छाया शिकलात. तीच गोष्ट मैदानावर घडते. सूर्य हा बिंदू नाही. त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर आणि आपल्यापासूनचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे अंतर व्यासाच्या जवळजवळ १०८ पट आहे. यावरून नियम असा निघतो, की सावली पाडणारी कड सावलीपासून जितकी दूर, त्याच्या १०८ व्या भागाइतका पट्टा पुसट होतो. हे अंतर किरणाच्या वाटेने मोजायचे.

समजा सूर्य क्षितिजावर ३० अंश आहे आणि टाकीचा माथा ९ मीटर उंच आहे. sin ३०° म्हणजे अर्धा, म्हणून माथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंत किरणाची वाट १८ मीटर. तिचा १०८ वा भाग सुमारे १७ सेंटीमीटर. टोकाजवळ सावलीच्या बाजूच्या कडा इतक्या पुसट हव्यात. टोकाची आडवी कड याच्या दुप्पट, सुमारे ३३ सेंटीमीटर पुसट होते, कारण तिथे किरण जमिनीवर तिरपे पसरतात. टाकीच्या पायापाशी मात्र पुसटपणा शून्य. म्हणजे एकच सावली पायाशी रेखीव आणि टोकाशी विरलेली असते. सगळीकडे सारखी पुसट केलेली सावली म्हणूनच जमिनीवर ठेवल्यासारखी नव्हे, तर वस्तू हवेत तरंगत असल्यासारखी दिसते.

चित्रात हे आणण्यासाठी टोकापाशी एक मीटर किती ठिपके व्यापतो ते पाहा. ६० ठिपके व्यापत असेल, तर १७ सेंटीमीटर म्हणजे १० ठिपके. सावलीचे लांबीने पाच-सहा भाग करून पुसटपणा पायथ्यापासून शून्य ते दहा असा चढता ठेवावा. भूमितीने काढलेली कड या पुसट पट्ट्याच्या मध्यावर असावी. पायथ्याशी मात्र मूळ छायाचित्र जितके स्पष्ट आहे त्याहून स्पष्ट रेघ काढू नये.

याच नियमामुळे मोजणीसाठी मी ध्वजस्तंभ घेतला नाही. ६ मीटर उंच स्तंभाचा शेंडा सावलीपासून १२ मीटरवर असतो, म्हणून पुसट पट्टा ११ सेंटीमीटरचा होतो. शेंडा ५ सेंटीमीटर जाडीचा असेल, तर तिथे प्रच्छाया उरतच नाही. फिकट करड्या पट्ट्याचे टोक नेमके कुठे, हे सांगता येत नाही. आभाळ पूर्ण ढगाळ असेल, तर ही सारी रीत लागू पडत नाही. त्या वेळी वस्तूखाली थोडासा काळोख एवढेच दिसते.

आपला डोळा या बाबतीत वाईट न्यायाधीश आहे. १९६३ साली अमेरिकेत डॅलस येथे ली हार्वे ऑस्वाल्डचे हाती बंदूक असलेले छायाचित्र घेतले गेले. नाकाखालची सावली एकीकडे आणि शरीराची दुसरीकडे पडते, म्हणून ते बनावट आहे, असे पुष्कळांनी म्हटले. २००९ साली हॅनी फरीद यांनी संगणकावर त्रिमितीय आकृती उभारून दाखवले, की दोन्ही सावल्या एकाच सूर्याच्या असू शकतात. डोळ्याला खटकणारे खरे असू शकते आणि न खटकणारे खोटे.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे, की सावल्यांची ही रीत आधी पट्टी-पेन्सिलीने करून घ्यावी, संगणक नंतर. आणि चित्राखाली दोन गोष्टी न चुकता लिहाव्यात: टाकी नंतर बसवलेली आहे, आणि दाखवलेली सावली कोणत्या दिवशी, किती वाजताची आहे. दुपारी ती आखडेल, संध्याकाळी मैदान ओलांडून जाईल. वेळ लिहिली नाही तर अचूक काढलेली सावलीसुद्धा सभेची दिशाभूल करील.