विश्लेषण : ओझरच्या विमानात पाच किलो जास्तीचे का चालत नाहीत? सामान, पाऊस आणि बदलणाऱ्या गेटमागे एकच हिशेब

नाशिकहून विमानाने जाणाऱ्यांच्या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. बॅग दोन-चार किलोंनी जास्त भरली तर काउंटरवर अडवणूक होते. इथे लख्ख ऊन असताना 'खराब हवामानामुळे विमान रद्द' असा मेसेज येतो. आणि परतताना हैदराबादसारख्या मोठ्या विमानतळावर ऐन वेळी गेट बदलते. कंपनी त्रास देते, असे वाटणे साहजिक आहे. काही वेळा ते खरेही असते. पण या तिन्हींच्या मुळाशी बहुतेकदा एकच गोष्ट असते : विमान लहान आहे आणि त्याच्या हिशेबात सांडायला जागा नाही.

ओझरहून लहान विमाने कधीपासून?

ओझरचा विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजे एचएएलचा. १९६० च्या दशकात इथे मिग विमानांचा कारखाना आला, त्यामुळे धावपट्टी जवळपास तीन किलोमीटर लांबीची आहे. प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये तयार झाले, पण नियमित सेवेसाठी बराच काळ वाट पाहावी लागली. 'उडान' योजनेतून डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबईसाठी बीचक्राफ्ट १९००डी हे १८ आसनी विमान आणले. ती सेवा टिकली नाही. पुढे ट्रूजेट, अलायन्स एअर यांची एटीआर-७२ आणि स्टार एअरची एम्ब्राएर विमाने आली. मार्च २०२३ पासून इंडिगोने नागपूर, गोवा, अहमदाबाद अशा मार्गांवर ७८ आसनी एटीआर ७२-६०० उडवायला सुरुवात केली. नंतर दिल्लीसारख्या मार्गावर मोठी एअरबसही आली. वेळापत्रक आणि मार्ग बदलत राहतात. पण छोट्या पल्ल्यासाठी दोन पंख्यांचे एटीआर हेच नाशिककरांच्या ओळखीचे विमान.

पाच किलोंनी असे काय बिघडते?

उदाहरण म्हणून नाशिक-हैदराबाद हा मार्ग घेऊ. अंतर सरळ रेषेत पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास. खालचे आकडे समजण्यापुरते गोल केले आहेत. प्रत्येक विमानाचे नेमके वजन थोडे वेगळे असते.

रिकाम्या एटीआर ७२-६०० चे वजन, आसने आणि कर्मचाऱ्यांसह, साधारण १३,६०० किलो धरू. इंधन सोडून विमान जास्तीत जास्त २१,००० किलोचे असू शकते. ही मर्यादा पंखांच्या मजबुतीशी जोडलेली आहे. म्हणजे माणसे आणि सामान मिळून ७,४०० किलो. आता ७८ प्रवासी बसवा. प्रत्येक प्रौढ, हातातल्या पिशवीसह, सरासरी ७५ किलोचा धरला तर ५,८५० किलो झाले. प्रत्येकाची १५ किलोची बॅग म्हणजे १,१७० किलो. एकूण ७,०२०. शिल्लक उरले फक्त ३८० किलो.

आता प्रत्येकाने 'फक्त पाच किलो' जास्त आणले तर ३९० किलो होतात. मर्यादा ओलांडली! द्राक्षांची एक पेटी, लग्नाचा आहेर, चिवड्याची चार पाकिटे, एवढ्याने हे घडते.

काउंटरवरचा माणूस तुमच्या एका बॅगेकडे पाहत नसतो, तो ७८ बॅगांच्या बेरजेकडे पाहत असतो. अर्थात विमान अर्धे रिकामे असेल तर जास्तीचे पैसे भरून बॅग सहज जाते. भरलेल्या विमानात मात्र पैसे देऊनही नकार येऊ शकतो, किंवा बॅग पुढच्या विमानाने पाठवली जाते. मोठ्या एअरबसमध्ये ही वेळ क्वचित येते. तिकिटावर दोन्हीकडे १५ किलोच लिहिलेले असतात. फरक असतो तो शिल्लक राहणाऱ्या जागेत.

वजन किती यासोबत ते कुठे आहे, हेही महत्त्वाचे. एटीआरमध्ये प्रवाशांचा दरवाजा मागे असतो आणि सामानाचा मोठा कप्पा पुढे, कॉकपिटच्या पाठीमागे. प्रवासी कमी असतील तर हवाई सुंदरी काहींना उठवून दुसऱ्या रांगेत बसवते, ते विमानाचा तोल साधण्यासाठी. 'जागा रिकामी आहे, मग बसू द्या ना' हा वाद तिथे उपयोगाचा नाही.

हा तोल बिघडला तर काय होते, याचे उदाहरण त्याच बीचक्राफ्ट १९००डी जातीच्या विमानाचे आहे, जे पुढे एअर डेक्कनने नाशिकला आणले. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट विमानतळावरून उडताच असे एक विमान कोसळले आणि त्यातले सर्व २१ जण मरण पावले. शेपटीच्या नियंत्रणाची केबल दुरुस्तीत चुकीची बसवली गेली होती. त्यात विमानाचा भार मर्यादेपेक्षा बराच मागे गेला होता. कागदावर सगळे नियमात बसत होते, कारण प्रवासी आणि बॅगांची वजने सरासरीने धरली होती. नंतर प्रत्यक्ष वजने घेतली तेव्हा माणसे आणि बॅगा त्या सरासरीपेक्षा जड निघाल्या. अमेरिकेने मग हिशेबाचे आकडे वाढवले. मोठ्या विमानात दीडशे माणसांची सरासरी बहुधा जुळते. अठरा माणसांत ती सहज चुकते.

नाशिकला ऊन, मग विमान रद्द का?

इथे पुन्हा तोच हिशेब, फक्त त्यात इंधन घालायचे. एटीआर ७२-६०० उड्डाण करताना जास्तीत जास्त २३,००० किलोचे असू शकते. वरच्या उदाहरणात विमान, माणसे आणि सामान मिळून २०,६२० किलो झाले होते. म्हणजे इंधनासाठी २,३८० किलो उरतात.

स्वच्छ दिवशी हैदराबादपर्यंतचे साधारण ९५० किलो इंधन. तिथे उतरता आले नाही तर विजयवाड्याला जाण्याचे ४००. अर्धा तास घिरट्या घालता येतील असे राखीव ३००, आणि अनपेक्षित गोष्टींसाठी ५०. बेरीज १,७००. अजून ६८० किलोंची मोकळीक आहे.

आता जुलैतला दिवस घ्या. विजयवाड्यालाही वादळी पाऊस आहे, म्हणून पर्यायी विमानतळ बंगळूरु धरावा लागतो. त्यासाठी अडीचशे किलो वाढले. हैदराबादवर गर्दीमुळे अर्धा तास थांबावे लागेल म्हणून आणखी तीनशे. इंधन झाले २,२५० किलो आणि मोकळीक उरली १३० किलो, म्हणजे भरलेल्या बॅगा जेमतेम आठ-नऊ. अंदाज याहून बिघडला तर काही सामान किंवा काही प्रवासी उतरवायचे, वाटेत इंधन भरायचे किंवा विमान थांबवायचे, एवढेच मार्ग उरतात. नाशिकच्या आकाशाचा यात काहीच संबंध नसतो. (उन्हाळ्यातल्या तापमानानेही इंजिनाची ताकद घटते, पण ओझरच्या लांब धावपट्टीमुळे ती चिंता इथे कमी.)

शिवाय एटीआरची उंचीची मर्यादा २५,००० फूट आहे. मोठे जेट ३५,००० फुटांच्या वरून जाते, तरी पावसाळी ढगांचे शिखर त्यालाही टाळावेच लागते. एटीआरला ढगांच्या वरून जाण्याचा पर्यायच नसतो, वळसा घालावा लागतो. वळसा म्हणजे पुन्हा इंधन. हिवाळ्यात धुक्याचा प्रश्न वेगळा : मोठ्या विमानतळांवर अगदी कमी दृश्यमानतेत आपोआप उतरण्याची जी यंत्रणा असते तिचा लाभ योग्य उपकरणे असलेली जेट विमाने घेतात, एटीआरला धुके विरळ होईपर्यंत थांबावे लागते. उतरण्याची साधने कमी असलेल्या विमानतळावर तर साधी धुसर हवाही पुरते. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या शिर्डीत कमी दृश्यमानतेमुळे कित्येक दिवस विमाने उतरू शकली नव्हती.

आणि एकच एटीआर दिवसभरात सहा-आठ फेऱ्या मारते. सकाळी दुसऱ्याच शहरात झालेला दीड तासाचा उशीर संध्याकाळी ओझरला पोहोचतो. तोवर वैमानिकांचे ड्युटीचे तास संपत आले तर शेवटची फेरी रद्द होते. मेसेजमध्ये मात्र 'हवामान' एवढेच लिहिलेले असते.

गेट ऐन वेळी का बदलते?

हा त्रास ओझरला फारसा नाही, टर्मिनलच छोटे आहे. तो होतो हैदराबाद, अहमदाबादसारख्या ठिकाणी. एटीआर जमिनीला जवळ असते, त्याला स्वतःचा जिना असतो आणि एरोब्रिज सहसा लागत नाही. म्हणून ते टर्मिनलपासून दूर उभे राहते आणि प्रवाशांना बसने नेतात. विमान आधीच्या फेरीहून आले की कोणती जागा रिकामी आहे ते पाहून विमानतळ त्याला उभे करतो आणि त्यानुसार बसचे गेट ठरते. आधीची फेरी लांबली की जागा बदलते आणि गेटही. आदल्या दिवशी वेब चेक-इन करून घेतलेल्या बोर्डिंग पासवरचा गेट क्रमांक म्हणूनच कच्चा समजावा.

बसची गेटे बहुधा खालच्या मजल्यावर असतात, वरून चालत यायला दहा मिनिटे सहज जातात. गेट साधारण २५ मिनिटे आधी बंद होते. अनेक मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, पडद्याकडेच पाहावे लागते. सुटण्याआधी तासभर आणि पुन्हा चाळीस मिनिटे उरली असताना पडदा बघितला की बहुतेक घोटाळे टळतात.

जिन्यापाशी हातातली बॅगही काढून घेतली जाते, कारण वरचे कप्पे अरुंद असतात. ती सामानाच्या कप्प्यात जाते. देण्यापूर्वी त्यातली पॉवर बँक काढून जवळ ठेवा, सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या कप्प्यात चालत नाहीत. औषधे आणि दागिनेही काढा.

पैसे परत केव्हा, भरपाई केव्हा?

डीजीसीएच्या नियमांत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विमान रद्द झाले तर कारण काहीही असो, दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, यांतली निवड प्रवाशाची. पैशांऐवजी पुढच्या प्रवासाचे क्रेडिट घ्या, अशी सक्ती कंपनीला करता येत नाही. भरपाई मात्र ऐन वेळी, कंपनीच्या कारणाने रद्द झाले तरच. एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ती ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी कमी असेल तेवढी. खराब हवामानात भरपाई नाही. म्हणून कारण लेखी मागावे. 'हवामान' सांगितले असेल आणि त्याच वेळी त्याच शहरात इतर एटीआर उतरत असतील, तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करताना तो मुद्दा उपयोगी पडतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला कंपनीच्या कारणाने दोन तास उशीर झाला तर विमानतळावर थांबलेल्यांना खाणेपिणे द्यावे लागते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र या नियमांच्या बाहेर होते. हैदराबादहून पुढे दुबईचे विमान वेगळ्या तिकिटावर काढले असेल आणि ओझरचे एटीआर उशिरा सुटले, तर दुसरी कंपनी तुम्हाला 'न आलेला प्रवासी' ठरवते. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. ते शक्य नसेल तेव्हा पावसाळ्यात ओझरहून दिवसाची शेवटची नाही, तर आधीची फेरी धरावी. नसेल तर आदल्या दिवशीच निघावे.