तारेला भुरी येत नाही!

माझ्या आयुष्यातलं पहिलं लेबल चुकीचं होतं आणि ते मी फुल्ल कॉन्फिडन्सने लावलं होतं.

झालं असं, की माझी एक मैत्रीण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून त्यावरचा रोग नेमका कुठे आहे, ते चौकट आखून दाखवणारं मॉडेल. फोटो काढायला आणि लेबल लावायला माणसं कमी पडत होती. मी मास कॉमची, मला कोडिंगमधलं काही कळत नाही. पण ‘फक्त पानं बघून चौकटी काढायच्यात गं’ असं ती म्हणाली आणि मी निफाडच्या बसमध्ये बसले.

बागेत पहिल्याच वेलीवर मला पांढरे ठिपके असलेलं पान दिसलं. भुरी म्हणजे पांढरा रोग, एवढं मी येताना वाचलं होतं. फोटो काढला, लॅपटॉपवर चौकट काढली, लिहिलं ‘भुरी’. मागे उभे असलेले बागवाले काका शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, त्या शेजारच्या तारेकडे बघा. तारेलापण भुरी आली का?’’

मांडवाच्या तारेवर अगदी तसेच पांढरे ठिपके होते. दोन दिवसांपूर्वी मारलेल्या औषधाचे थेंब पानावर आणि तारेवर सारखेच सुकले होते. भुरी ही बुरशी आहे, ती जिवंत पानावर राख भुरभुरल्यासारखी पसरते. औषधाचा थेंब कडेने गोल सुकतो, पानाच्या टोकाला साचतो. बागेत उभं राहिलं की हा फरक पाच सेकंदांत कळतो. नुसता पानाचा क्लोजअप बघून तो कळेलच, असं नाही. कारण क्लोजअपमध्ये तार नसते.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. पिकाचा रोग ओळखणाऱ्या मॉडेलचं खरं काम लॅबमध्ये नाही, बागेत होतं. आणि ते आपण सगळ्यात हलकं काम समजून ज्युनिअरच्या गळ्यात मारतो.

हे मत फक्त माझ्या फजितीवर उभं नाही. या क्षेत्रात ‘प्लांटव्हिलेज’ नावाचा फोटोंचा साठा प्रसिद्ध आहे. 14 पिकं आणि 54 हजारांहून अधिक फोटो. 2016 मध्ये संशोधकांनी त्यावर मॉडेल शिकवलं, तेव्हा त्याच साठ्यातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ते 99.35 टक्के अचूक निघालं. पण बाहेरून, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता साधारण 31 टक्क्यांवर आली. हे त्या संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलंय. कारण साधं आहे. त्या साठ्यातली पानं तोडून एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवलेली आहेत, आणि बागेत पान असं एकटं कधीच नसतं.

पुढची गोष्ट त्याहून भारी आहे. 2022 मध्ये एका संशोधकाने त्याच फोटोंमधले फक्त आठ पिक्सेल घेतले, तेही पार्श्वभूमीतले. म्हणजे पान जवळपास दिसतच नाही. तरी मॉडेल 49 टक्के वेळा बरोबर आलं. 38 गटांमध्ये नुसता अंदाज लावला असता, तर 3 टक्केसुद्धा आले नसते. याचा अर्थ पानाच्या मागचा कागद आणि त्यावरचा उजेड बघूनही बरंचसं उत्तर ‘ओळखता’ येत होतं. परीक्षेत प्रश्न न वाचता पेपरच्या रंगावरून उत्तर लिहिण्यासारखं!

आता हेच आपल्या नाशिककडे आणून बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, तर केवडा येतो. बागवाले त्याला सरळ ‘डाउनी’ म्हणतात. भुरीचा त्रास पुढे पाऊस संपल्यावर, कोरड्या थंड हवेत वाढतो. म्हणजे सोयीने फोटो काढले, तर केवड्याचे सगळे ढगाळ उजेडातले आणि ओल्या पानांचे येणार, भुरीचे सगळे लख्ख उन्हातले. मॉडेल रोगाऐवजी हवामान शिकणार. त्यामुळे ग्रुपने नियम केला, की प्रत्येक रोगाचे फोटो सकाळी, दुपारी आणि ढग असताना असे तिन्ही वेळी काढायचे. आणि त्याच वेळी, त्याच वेलीची निरोगी पानं आणि औषधाचे डाग पडलेली पानंसुद्धा घ्यायची. त्या डागांना चौकट काढायची नाही. ‘हे पांढरं आहे, पण रोग नाही’ हे मॉडेलला असंच शिकवता येतं.

दुसरा नियम काकांनी दिला, तो म्हणजे पान उलटं करून बघायचं. केवड्याचा डाग वरून पिवळसर, तेल सांडल्यासारखा दिसतो आणि खालून त्याच जागी पांढरी कापसासारखी बुरशी असते. फक्त खालची बाजू क्लिक केली, तर माझ्यासारखी मुलगी पुन्हा ‘भुरी’ लिहून मोकळी. म्हणून प्रत्येक पानाचे दोन फोटो, जोडीची नावं देऊन: `b3_017_top.jpg` आणि `b3_017_under.jpg`. पिवळा डाग आहे पण खाली बुरशी दिसत नाही, असं असेल तर ते पान ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. केवडा असेल तर दमट हवेत सहसा सकाळपर्यंत पांढरी बुरशी वर येते. लेबल मग दुसऱ्या दिवशी लागतं. डेडलाइनवाल्यांना हे आवडत नाही, पण पान आपल्या सबमिशनच्या तारखेने चालत नाही.

मग येते चौकट. ती म्हणजे शेवटी पाच आकडे असतात. समजा फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा आहे आणि माझी चौकट डावीकडून 1000 ते 1800, वरून 600 ते 1200 अशी आहे. योलो नावाच्या, कॉलेज प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणाऱ्या मॉडेलच्या पद्धतीने ती अशी लिहिली जाते:

```
1 0.35 0.3 0.2 0.2
```

पहिला आकडा रोगाचा क्रमांक. पुढचे दोन चौकटीच्या मध्यबिंदूचे आणि शेवटचे दोन तिच्या रुंदी-उंचीचे, सगळे फोटोच्या आकाराच्या प्रमाणात. सोपं वाटतं ना? पण त्याच डागाला मैत्रिणीने 900 ते 1900 आणि 500 ते 1300 अशी सैल चौकट काढली. माझी पूर्ण तिच्या आत बसली. माझं क्षेत्रफळ 4 लाख 80 हजार, तिचं 8 लाख. दोघींमधला सामायिक भाग भागिले दोघींनी मिळून व्यापलेला भाग, म्हणजे 0.6. एकाच डागावर दोन माणसांचं एवढंच एकमत असेल, तर मॉडेलने कोणाचं ऐकायचं? आम्ही त्या दिवशी काम थांबवलं आणि कागदावर लिहून काढलं: चौकट पिवळ्या रंगाच्या बाहेरच्या कडेला टेकवायची, सुटे डाग वेगळे धरायचे, एकमेकांत मिसळलेले डाग एकच धरायचे.

आणखी एक चूक अशी, की ती चूक वाटतच नाही. एका पानावर सात डाग असतात, आपण कंटाळून मोठे चार आखतो. आपल्या मते काम ‘थोडं राहिलं’. पण मॉडेलसाठी चौकटीबाहेरचं सगळं म्हणजे ‘रोग नाही’. राहिलेले तीन डाग आपण त्याला निरोगी म्हणून शिकवलेले असतात. त्यातून हे डाग लहान. 4000 पिक्सेल रुंदीचा फोटो 640 पर्यंत आकसला, की 60 पिक्सेलचा डाग जेमतेम 10 पिक्सेलचा उरतो. म्हणजे जो कोवळा डाग लवकर सापडावा म्हणून हा सगळा खटाटोप, तोच आधी गायब! त्यावर उपाय म्हणजे फोटो जवळून काढणं किंवा मोठ्या फोटोचे तुकडे करून शिकवणं.

हे सगळं करूनही फसवा रिझल्ट येऊ शकतो, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. कॉलेजच्या प्रदर्शनांत ‘97 टक्के’, ‘99 टक्के’ असे पोस्टर बघितलेत ना? तिथे एकच प्रश्न विचारा: ‘तपासायचे फोटो कोणत्या बागेतले?’ एका वेलीचे दहा फोटो काढले आणि सगळा ढीग पिसून त्यातले काही परीक्षेसाठी बाजूला काढले, तर त्याच वेलीची पानं शिकवणीतही असतात आणि परीक्षेतही. याला पेपरफुटी म्हणतात. मैत्रिणीच्या ग्रुपने आधी असंच केलं होतं आणि आकडा मस्त आला होता. नंतर त्यांनी दोन बागांचे सगळे फोटो वेगळे कुलूपबंद केले आणि शिकवताना वापरलेच नाहीत. आकडा धपकन खाली आला. चेहरेही. पण पोस्टरवर त्यांनी तोच खालचा आकडा छापला, याचा मला मैत्रीण म्हणून अभिमान आहे.

कोणी म्हणेल, एवढा किस काढायची गरज काय, शेवटी प्रोजेक्टच आहे ना? पण उद्या हेच एखाद्या काकांच्या मोबाइलमध्ये जाणार. औषधाच्या डागाला भुरी म्हटलं, तर गरज नसलेली फवारणी, तिचा खर्च आणि मालात औषधाचा अंश राहण्याची भीती. केवड्याला ‘निरोगी’ म्हटलं, तर पावसाळी हवेत तो घडापर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि तिथे वर्षभराचं उत्पन्न लटकलेलं असतं. आपले मार्क जातील, त्यांची बाग जाईल.

म्हणून मला वाटतं, अशा प्रोजेक्टमध्ये लेबलवर शेवटचा हात बागवाल्याचा किंवा रोग ओळखणाऱ्या कृषी पदवीधराचा हवा, आणि टीमच्या यादीत त्यांचं नाव हवं. शंकेच्या पानांसाठी ‘खात्री नाही’ असा वेगळा गठ्ठा हवा. तो शिकवायला वापरायचा नाही, पण फेकायचाही नाही, दाखवून विचारायचा. आमच्या त्या गठ्ठ्यात शेवटी बरीच पानं जमली. काकांनी चहा पिता पिता ती एकेक चाळली. काहींवर लगेच बोट ठेवलं, काहींवर थांबले आणि म्हणाले, ‘‘हे मलापण फोटोवरून नाही सांगता येणार. वेल कुठली? चला, बघून येऊ.’’

आम्ही लॅपटॉप बंद केला आणि त्यांच्या मागे निघालो.