एका डॉलरमागे किती सुटतात?

दर काही महिन्यांनी कुणीतरी उत्साही मित्र एक एक्सेल शीट पाठवतो. डॉलरचे पौंड, पौंडाचे युरो, युरोचे परत डॉलर, आणि शेवटी सुरुवातीपेक्षा जास्त पैसे! यालाच ट्रँग्युलर आर्बिट्राज म्हणतात. गणित बरोबर असतं. माझं म्हणणं एवढंच, की त्यात टाकलेले भाव चुकीचे असतात.

समजा (आकडे उदाहरणापुरते) कन्व्हर्टरवर एक युरो म्हणजे १.१००० डॉलर, एक पौंड म्हणजे १.३००० डॉलर आणि एक युरो म्हणजे ०.८४६० पौंड दिसतोय. १.१ ला १.३ ने भागलं तर युरो साधारण ०.८४६१५ पौंडांना असायला हवा. म्हणजे पौंडात तो किंचित स्वस्त आहे. मग डॉलर देऊन पौंड घ्या, पौंडांनी युरो घ्या, युरो विकून डॉलर घ्या:

```
1.1000 / (1.3000 * 0.8460) - 1 = 0.00018
```

एका डॉलरमागे ०.०००१८ नफा. दहा लाख डॉलर फिरवले तर १८२ डॉलर, तेही बसल्या जागी. :)

पण कन्व्हर्टर दाखवतो तो मधला भाव. त्या भावाला कुणी विकतही नाही आणि घेतही नाही. बाजारात प्रत्येक जोडीला दोन भाव असतात. डावीकडचा आपण विकताना मिळतो, उजवीकडचा घेताना मोजावा लागतो:

```
EUR/USD  1.0999 / 1.1001
GBP/USD  1.2999 / 1.3001
EUR/GBP  0.8459 / 0.8461
```

आता तीच फेरी पुन्हा मारू. दहा लाख डॉलरचे ७,६९,१७२ पौंड, त्यांचे ९,०९,०७९ युरो आणि त्यांचे ९,९९,८९६ डॉलर. १०४ डॉलर गेले! उलट्या दिशेने फिरलात तर ४६८ जातात. दरी खरी होती, पण तीन वेळा मोजलेल्या फरकापेक्षा ती लहान होती.

दुसरी गोम वेळेची. तिन्ही भाव एकाच क्षणाचे हवेत. एक भाव दोन मिनिटं शिळा असला, तर शीटमध्ये हमखास ‘नफा’ दिसतो. आणि भाव ताजे असले तरी पहिला सौदा होऊन तिसरा व्हायच्या आत बाजार हललेला असू शकतो. २००९ साली या विषयावर एक शोधनिबंध आला होता. त्याच्या शीर्षकातच ‘मृगजळ’ हा शब्द होता. अशा बहुतेक संधी काही सेकंदांतच विरतात, असं त्यात आढळलं होतं.

मग हे गणित निरुपयोगी का? मुळीच नाही. बँकांच्या यंत्रणा हाच गुणाकार सतत करत असतात, म्हणून तर तिन्ही भाव एकमेकांशी जुळलेले राहतात. तेव्हा पुढच्या वेळी शीट आली, की नफा किती ते विचारू नका. भाव घेण्याचा की विकण्याचा, आणि कितीचा वाजलेला, एवढंच विचारा.