हिरवी भिंत आखताना आधी खिडकी

हिरव्या भिंतीचं एलिव्हेशन करताना आपल्यापैकी बरेच जण आधी भिंतभर पानांचा पोत पसरतात आणि मग त्यात खिडक्यांची भोकं पाडतात. चित्र देखणं होतं, क्लायंट खूश होतो. पण साइटवरच्या फिटरला नळी कुठून न्यायची हे त्यातून कळत नाही. क्रम उलटा हवा. आधी खिडक्या, मग नळ्या, झाडं शेवटी.

पॅरिसच्या क्वे ब्रान्ली संग्रहालयाची भिंत या कामात सतत नमुना म्हणून पुढे येते. पॅट्रिक ब्लाँ यांनी केलेली, सुमारे 800 चौरस मीटरची, अंदाजे 15,000 झाडांची. त्या हिरवाईत खिडक्या ठसठशीत दिसतात, म्हणूनच ती इमारत वाटते. पण ती भिंत सेन नदीकडे, उत्तरेला तोंड करून आहे आणि झाडांची मुळं नमद्याच्या पातळ थरात आहेत. पाणी थांबलं की तो थर लवकर सुकतो. माढ्यात मे महिन्याच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर वीज गेली, तर असा नमदा झाडांना संध्याकाळपर्यंतही तगवणार नाही. इथे माध्यम भरलेल्या कुंड्यांचं पॅनेलच हवं.

समजा, माढ्यात एका दुमजली इमारतीची दर्शनी भिंत 9 मीटर रुंद आणि 7 मीटर उंच आहे. क्षेत्रफळ 63 चौरस मीटर. तिच्यावर सहा खिडक्या, प्रत्येक 1.2 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच. वाढलेली पानं भिंतीपासून वीतभर पुढे येतात आणि बाजूलाही पसरतात, म्हणून प्रत्येक खिडकीभोवती 30 सेंटिमीटर मोकळी पट्टी सोडायची. मग एकेका खिडकीपायी 3.78 चौरस मीटर जागा जाते आणि लागवडीला उरतात जेमतेम 40 चौरस मीटर. कुंड्या 20 सेंटिमीटर अंतराने लावल्या तर चौरस मीटरला 25, म्हणजे हजारेक झाडं. पूर्ण 63 चौरस मीटर हिरवे दाखवणाऱ्या चित्रावरून कोटेशन निघालं, तर ते सुरुवातीलाच दीडपट चुकलेलं असतं. झडपा बाहेर उघडणाऱ्या असतील तर ही पट्टीही पुरत नाही. सरकत्या किंवा आत उघडणाऱ्या झडपा घ्याव्यात.

आता नळ्या. वरच्या कुंडीतलं जादा पाणी खालच्या कुंडीत झिरपतं, म्हणून दर तीन ओळींमागे एक आडवी लॅटरल पुरते. खिडकी मात्र ही साखळी तोडते. सिलच्या खालच्या पहिल्या ओळीला वरून थेंबही मिळत नाही, तेव्हा तिथे स्वतंत्र लॅटरल द्यावीच लागते. लिंटेलच्या वरून झिरपलेलं पाणी काचेवर येऊ नये म्हणून तिथे पन्हळ हवी. उभी सबमेन दोन खिडक्यांमधल्या पट्ट्यातून न्यायची आणि तिथून दोन्ही बाजूंना फाटे काढायचे. वरच्या आणि खालच्या लॅटरलमधल्या सहा-सात मीटर उंचीमुळे दाबात 0.6 ते 0.7 किलोचा फरक पडतो. साधे ड्रिपर घेतले तर वर तहान आणि खाली चिखल. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर घ्यावेत, तेही पंप बंद होताच तोंड मिटणारे, नाहीतर नळीत उरलेलं सगळं पाणी तळाच्या ओळीत उतरतं. या सगळ्या रेषा एलिव्हेशनवर तुटक का होईना, दिसल्या पाहिजेत.

घनताही खरी दाखवावी. लागवडीच्या दिवशी पॅनेल आणि माती स्पष्ट दिसते. भिंत भरायला काही महिने जातात. दोन्ही अवस्था वेगळ्या काढून क्लायंटपुढे ठेवाव्यात. भरल्यावरही हिरवाई एकसारखी नसते: वरची कड आणि कोपरे वाऱ्याने विरळ, खालचा भाग दाट. पश्चिमेच्या उन्हात ऱ्हिओ, सेट्क्रिसिया, अल्टरनँथेरा टिकतात. फर्न आणि फिलोडेंड्रॉन त्या चित्रात काढूच नयेत.

माढ्याच्या फिटरला ड्रिप शिकवावं लागत नाही. डाळिंबाच्या बागेत बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी जमणारा पांढरा क्षार तो ओळखतो, आणि ॲसिड ट्रीटमेंटही जाणतो. फरक इतकाच की बागेत तुंबलेला ड्रिपर हाताशी असतो, इथे तो पाच मीटर उंचीवर असतो. तो शोधायला सुकण्याचा आकार पाहावा. एकाच कुंडीपासून खाली उतरलेला उभा पिवळा पट्टा दिसला, तर ड्रिपर तुंबला आहे. आडवा पट्टा सुकला, तर लॅटरल दबली किंवा तुटली आहे. फक्त तळाची पानं पिवळी आणि देठ मऊ असतील, तर पाणी कमी नाही, जास्त होतंय. तिथे पाणी वाढवलं की मुळं कुजतात. ॲसिड ट्रीटमेंट करताना ते पाणी कुंड्यांत जाऊ देऊ नये, कारण दोन लिटर माध्यमाला शेतातल्या मातीइतकं ते पचत नाही. लॅटरलच्या शेवटाला फ्लश व्हॉल्व्ह आणि तो उघडायला हात पोहोचेल अशी जागा आराखड्यातच ठेवावी, आणि ती जागा बहुतेक वेळा खिडकीच असते.