दहा कोटींचा खेळाडू वर्षाला सव्वा कोटीचा कसा होतो?

ऑगस्ट 2023 मध्ये चेल्सीने ब्रायटनकडून मोइसेस कायसेडोला घेतले. वाढीव रकमा बाजूला ठेवल्या तर त्याची किंमत सुमारे 10 कोटी पौंड होती आणि करार होता आठ वर्षांचा. तेव्हापासून फुटबॉलप्रेमींच्या बोलण्यात एक वाक्य सतत येते : एवढा पैसा उधळूनही या क्लबांना कुणी हात लावत नाही, कारण ते हिशेबाची जादू करतात, दहा कोटींचे वर्षाला सव्वा कोटी करून दाखवतात. त्याच माणसांकडून थोड्या वेळाने दुसरे वाक्यही ऐकू येते : मुळात खर्चाला मर्यादा हवीच कशाला, मालकाचा पैसा आहे, त्याला हवा तसा खर्च करू द्या. ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. दोन्हींत थोडे सत्य आहे आणि त्या थोड्या सत्यामुळेच ती पसरतात.

आधी जादूचे पाहू. आयपीएलचा लिलाव पाहण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या वाचकाची इथे हमखास गल्लत होते. ऋषभ पंतला लखनऊने 27 कोटींना घेतले, तेव्हा ती रक्कम त्याचे एका हंगामाचे मानधन होती. फुटबॉलमधली ट्रान्सफर फी खेळाडूला मिळत नाही. ती जुन्या क्लबला जाते आणि खेळाडूचा पगार वेगळा द्यावा लागतो. मग नव्या क्लबने नेमके विकत काय घेतले? करार संपेपर्यंत तो खेळाडू आपल्याच नावावर नोंदलेला राहील, हा हक्क. त्या हक्काला मुदत असते. युरोपीय न्यायालयाने 1995 मध्ये बोसमन खटल्याचा निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी जुना क्लब एक पैसाही मागू शकणार नाही असे ठरले. म्हणजे आज दहा कोटींना घेतलेला हक्क कराराच्या शेवटच्या दिवशी शून्य किमतीचा होतो.

पाच वर्षांचे भाडे आगाऊ भरलेला दुकानदार ते सगळे पहिल्याच वर्षाच्या खर्चात धरत नाही, दरवर्षी पाचवा हिस्सा खर्ची टाकतो. क्लबही तेच करतात. फी आधी ताळेबंदात मालमत्ता म्हणून नोंदतात आणि करार जितक्या वर्षांचा, तितक्या समान भागांत नफा-तोटा पत्रकात खर्च दाखवतात. यंत्राचा घसारा काढतात तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे मालमत्ता कागदावरचा हक्क असते. रोख पैसा कधी दिला, एकरकमी की हप्त्यांनी, याचा या विभागणीशी संबंध नाही. बातमीत ‘वर्षाला सव्वा कोटी’ वाचून ब्रायटनला दरवर्षी तेवढेच मिळतात असे समजणे चूक आहे.

या पद्धतीने खर्च नाहीसा होतो का, हे कायसेडोच्याच आकड्यांवर तपासता येईल. दहा कोटी आठ वर्षांत वाटले तर वर्षाला सव्वा कोटी, पाच वर्षांत वाटले तर दोन कोटी. समजा, तीन वर्षांनी क्लबने त्याला चार कोटींना विकले. आठ वर्षांच्या हिशेबात तोवर पावणेचार कोटी खर्ची पडलेले असतात आणि पुस्तकी किंमत सव्वासहा कोटी उरलेली असते. विक्री चार कोटींची, म्हणून त्या एकाच वर्षी सव्वादोन कोटींचा तोटा दाखवावा लागेल. पाच वर्षांच्या हिशेबात सहा कोटी आधीच खर्ची पडलेले असतात, पुस्तकी किंमत चार कोटी असते, त्यामुळे विक्रीवर नफाही नाही आणि तोटाही नाही. आता बेरीज करा. पावणेचार अधिक सव्वादोन म्हणजे सहा, आणि दुसरीकडेही सहाच. लांब करार खर्च पुसत नाही, पुढे ढकलतो, आणि खेळाडू अपयशी ठरला तर ढकललेला सगळा बोजा एकदम अंगावर येतो. अशा खेळाडूचे पगाराचे करारही लांबच असतात, त्यामुळे त्याला विकणे आणखी अवघड होऊन बसते.

तेव्हा विभागणी लबाडी नाही. लबाडी होऊ शकते ती मुदत ताणण्यात, आणि तिथे नियम करणाऱ्यांनी दार लावलेही. युएफाने जुलै 2023 पासून ठरवले की करार कितीही लांब असो, फी जास्तीत जास्त पाच वर्षांतच वाटायची. प्रीमियर लीगच्या क्लबांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसाच ठराव केला, तोही फक्त पुढच्या करारांसाठी. कायसेडोचा करार या दोन तारखांच्या मधला. म्हणून एकाच खेळाडूचे दोन हिशेब झाले, इंग्लंडच्या वहीत आठ वर्षांचा आणि युएफाच्या वहीत पाचांचा.

खरी लबाडी कशी दिसते ते पाहायचे तर चेल्सीकडे नाही, डर्बी काउंटीकडे पाहावे लागते. दुसऱ्या श्रेणीतला हा जुना क्लब मेल मॉरिस या मालकाच्या पैशावर प्रीमियर लीगमध्ये चढण्यासाठी धडपडत होता. फी समान भागांत न वाटता डर्बीने वेगळी रीत काढली. करार संपतानाही खेळाडूची काही किंमत शिल्लक असेल असे गृहीत धरून सुरुवातीच्या वर्षांत अगदी थोडा खर्च दाखवायचा आणि उरलेला शेवटावर सोडायचा. बोसमन निकालानंतर या गृहीतकाला आधारच उरत नाही. फुकट निघून जाऊ शकणाऱ्या माणसाची शिल्लक किंमत कसली? या रीतीबद्दल त्या श्रेणीच्या लीगने ठेवलेला आरोप चौकशी आयोगाने 2020 मध्ये फेटाळला होता. पण लीगने अपील केले आणि 2021 मध्ये अपिलाच्या पॅनेलने ती रीत चुकीची ठरवली. डर्बीला एक लाख पौंड दंड झाला आणि जुने हिशेब पुन्हा लिहायला लावले. ते लिहिल्यावर तोट्याची मर्यादा ओलांडल्याचे उघड झाले आणि नऊ गुण कापले गेले. तोवर मालकाने हात आखडता घेतला होता. क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला होता आणि त्यासाठी बारा गुण आधीच वजा झाले होते. वेन रूनीच्या मार्गदर्शनाखाली त्या संघाने 2021-22 च्या हंगामात मैदानावर 55 गुण कमावले, जे वाचण्यास पुरेसे होते. एकवीस वजा होऊन 34 उरले आणि डर्बी तिसऱ्या श्रेणीत गेला.

डर्बीच्या गोष्टीतच दुसऱ्या मताचे उत्तर आहे. ‘मालकाचा पैसा, मालकाची मर्जी’ हे म्हणणे मालक पैसा ओततो तोवरच खरे असते. मॉरिसच्या खिशावर केलेले पगारांचे करार मॉरिस थांबल्यावर संपले नाहीत, ते क्लबच्या गळ्यात राहिले. रोमन अब्रामोविचचे उदाहरण उलट बाजूने दिले जाते. त्याने चेल्सीला दीड अब्ज पौंडांच्या आसपास कर्ज दिले आणि क्लब विकताना ते माफ केले, मग कुणाचे काय बिघडले? पण मार्च 2022 मध्ये त्याच्यावर निर्बंध आले तेव्हा चेल्सीला विशेष सरकारी परवान्यावर चालावे लागले, नवी तिकिटे विकण्यावरही बंदी आली. एका माणसाच्या खिशाला टांगलेला क्लब किती नाजूक असतो, ते युरोपचा विजेता असतानाही त्याला अनुभवावे लागले. आणि अब्रामोविच हा अपवाद होता. पोर्टस्मथ हा नमुना होता.

पोर्टस्मथने 2008 मध्ये एफए कप जिंकला. उत्पन्नाला न झेपणाऱ्या पगारांवर तो संघ उभा होता. फेब्रुवारी 2010 मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ आलेला पहिलाच क्लब. इंग्लिश फुटबॉलमध्ये एक नियम आहे, त्यानुसार क्लब बुडाला तरी खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी पूर्ण द्यावी लागतात. बाकीच्यांनी मिळेल तेवढे घ्यायचे. पोर्टस्मथच्या बाकीच्या धनकोंना एका पौंडामागे वीस पेन्स देण्याची योजना मंजूर झाली. त्या धनकोंत सरकारी करखाते होते, गावातले छोटे व्यावसायिक होते आणि सामन्यांच्या वेळी प्रथमोपचाराला उभी राहणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. करखात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान देऊन पाहिले आणि 2012 मध्ये ते हरले. कोट्यवधींचा खेळाडू आणि त्याला विकणारा क्लब सुरक्षित, आणि ज्याने मैदानावर स्ट्रेचर धरले त्याचे पैसे बुडाले. ‘मालकाचा पैसा’ म्हणणाऱ्यांनी या यादीकडे पाहावे. पैसा मालकाचा असतो तो यश मिळेपर्यंत. अपयशाचे बिल त्याच्या नावावर फाटत नाही.

मर्यादा आल्या त्या यामुळे. प्रीमियर लीगने तीन वर्षांत 10 कोटी 50 लाख पौंडांपर्यंतचा तोटा चालवून घेतला, पण त्यातला मोठा भाग मालकाने कर्ज म्हणून न देता भांडवल म्हणून घालावा अशी अट ठेवली. युएफाने खेळाडू आणि प्रशिक्षकांचे पगार, एजंटांचे पैसे आणि फीचा वार्षिक हिस्सा मिळून उत्पन्नाच्या 70 टक्क्यांपुढे जाऊ नये असे ठरवले. फीची विभागणी इथे पुन्हा येते. वर्षाचा हिस्सा प्रामाणिकपणे मोजला नाही तर ही टक्केवारी निरर्थक ठरते.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. उत्पन्नाला बांधलेली मर्यादा ज्याचे उत्पन्न आधीच मोठे त्यालाच मोकळे रान देते. वर चढू पाहणाऱ्या क्लबला हा नियम भिंतीसारखा वाटतो आणि त्यात त्याची चूक नाही. याहून मोठा दोष मला घरच्या मुलांबाबत दिसतो. अकादमीत वाढलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत जवळपास शून्य असते, म्हणून त्याला विकल्यावर आलेली सगळी रक्कम त्याच वर्षीचा नफा ठरते. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे प्रकरण हेच सांगते. त्यांनी आपल्याच अकादमीचा ब्रेनन जॉन्सन टॉटनमला सुमारे पावणेपाच कोटी पौंडांना विकला, पण चांगल्या भावासाठी थांबून 1 सप्टेंबरला. हिशेबाचे वर्ष 30 जूनला संपले होते. विक्री पुढच्या वर्षात गेली, मर्यादा ओलांडली गेली आणि 2024 मध्ये चार गुण कापले गेले. आयोगाने थांबण्याचे कारण मानले नाही, आणि तारखेपुरते बोलायचे तर त्याचे बरोबरच होते. पण ज्या नियमामुळे गावात वाढलेला मुलगा जूनच्या आत विकून टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो, त्या नियमाने समर्थकांपासून त्यांचा आपला माणूस हिरावला जातो.

यावर इलाज मर्यादा काढणे हा नाही. खरेदीचा खर्च वर्षांत वाटतो, तसा विक्रीचा नफाही वाटावा. युएफाच्या 70 टक्क्यांच्या हिशेबात खेळाडूंच्या विक्रीचा नफा 36 महिन्यांच्या सरासरीने धरला जातो, त्यामुळे एका जूनची घाई तिथे तितकी कामाची नसते. इंग्लंडने साडेदहा कोटींचा आकडा कमी-जास्त करण्यावर वर्षानुवर्षे वाद घातला. वाद घालायचाच असेल, तर तो या सरासरीवर आणि पोर्टस्मथच्या धनकोंना शेवटी उभे करणाऱ्या त्या नियमावर घालायला हवा.