शौचातलं न दिसणारं रक्त काय सांगतं?

हेल्थ चेकअपचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी शुगर पाहतो, मग कोलेस्टेरॉल. शेवटच्या पानावर कधीतरी एक ओळ असते, ‘शौचात रक्ताचा अंश : पॉझिटिव्ह.’ डोळ्यांना तर काहीच दिसलेलं नसतं, पोटही दुखत नसतं. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘‘उष्णता झाली असेल, नाहीतर मूळव्याध असेल. पुन्हा एकदा टेस्ट करून बघ.’’ पुन्हा केलेली टेस्ट निगेटिव्ह येते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि ती ओळ विसरली जाते. ही दुसरी टेस्ट पहिलीला खोटं का ठरवू शकत नाही, हे समजून घ्यायचं असेल तर मोठ्या आतड्यात वर्षानुवर्षं काय घडत असतं ते आधी पाहावं लागेल.

मोठं आतडं म्हणजे साधारण दीड मीटर लांबीची नळी. तिच्या आतल्या अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि आठवड्याच्या आत गळून पडतात. जन्मभर हे चक्र सुरू असतं. इतक्या वेळा पेशी विभागल्या जातात म्हटल्यावर कधीतरी जनुकाची नक्कल चुकतेच. बहुतेक चुका त्या पेशीबरोबरच गळून जातात, पण एखादी तळाच्या मूळ पेशीत होते आणि टिकून राहते. पेशींच्या वाढीवर ब्रेकसारखं काम करणारं एपीसी नावाचं जनुक आहे. ते निकामी झालं की त्या जागी पेशी गळण्यापेक्षा साचत जातात आणि अस्तरावर छोटासा कोंब उगवतो. तोच पॉलिप. कधी तो मश्रूमसारखा देठावर उभा असतो, तर कधी अस्तरावर चपटा पसरलेला असतो.

हा कोंब म्हणजे कॅन्सर नाही. सगळे पॉलिप कॅन्सरकडे जाणारेही नसतात. गुदाशयात दिसणारे अगदी बारीक, फिकट पॉलिप बहुधा निरुपद्रवी असतात. लक्ष ठेवायचं ते ॲडेनोमा नावाच्या प्रकारावर. त्यातल्या पेशींमध्ये पुढे केरास, पी५३ अशा आणखी जनुकांचे बदल एकावर एक साचत जातात. अमेरिकेतले संशोधक बर्ट व्होगेलस्टाइन आणि एरिक फिअरन यांनी १९९० मध्ये या बदलांची साखळी मांडली. छोट्या ॲडेनोमापासून कॅन्सरपर्यंतचा हा प्रवास साधारणपणे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ चालतो, आणि बहुतेक पॉलिप तर वाटेतच थांबतात.

मग मोठा पॉलिप तसाच ठेवला तर नेमकं काय होतं? आज हे कुणी करून पाहणार नाही, पण कोलोनोस्कोपी सर्रास होण्याआधीच्या काळातल्या रुग्णांच्या नोंदी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये तपासल्या. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप एक्स-रेवर दिसला, पण काढला गेला नाही, असे हे रुग्ण होते. त्याच जागी कॅन्सर होण्याचं प्रमाण ५ वर्षांत सुमारे अडीच टक्के, १० वर्षांत ८ टक्के आणि २० वर्षांत २४ टक्के निघालं. म्हणजे घाबरून रात्रीची झोप घालवण्याचं कारण नाही, पण ‘बघू पुढे कधीतरी’ म्हणण्याइतकी ही गोष्ट साधीही नाही.

रक्त रोज येत नाही

पॉलिप मोठा झाला की त्याच्या पृष्ठभागावरच्या नाजूक रक्तवाहिन्यांवरून शौच घासून जातं आणि थोडं रक्त झिरपतं. ते इतकं कमी असतं की रंग बदलत नाही. शिवाय ते आज येतं, उद्या येत नाही, परवा पुन्हा येतं. शौचाच्या एका भागात असतं, तर दुसऱ्या भागात नसतं. टेस्ट शोधते ती हे रक्त. पॉलिप तिला दिसत नाही.

जुन्या पद्धतीची ऑकल्ट ब्लड टेस्ट रक्तातल्या हीमची रासायनिक प्रतिक्रिया पाहते. त्यामुळे आदल्या दिवशी खाल्लेलं मटण किंवा कच्चा मुळाही तिला फसवू शकतो, आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांमुळे असलेलं रक्तही लपू शकतं. नवी फिट टेस्ट फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर चालते. तिच्यासाठी पथ्य लागत नाही. पोटात वरच्या बाजूला झालेल्या रक्तस्रावातलं ग्लोबिन खालपर्यंत येताना पचून जातं, त्यामुळे फिटमध्ये दिसणारं रक्त बहुधा मोठ्या आतड्यातलंच असतं. लॅबमध्ये या दोन्हींपैकी कोणती टेस्ट करणार हे आधीच विचारून घ्या.

नमुना घेणं सोपं आहे. शौच पाण्यात पडू न देता कोरड्या कागदावर किंवा भांड्यात घ्यायचं, किटमधल्या काडीने पृष्ठभागावर तीन-चार ठिकाणी खरवडायचं आणि काडी बाटलीत बंद करायची. काडीच्या खाचांत मावेल तेवढंच पुरे. भरभरून घेतल्याने टेस्ट जास्त अचूक होत नाही, उलट बिघडते. पाळी सुरू असेल तर ती संपल्यावर नमुना घ्या. एक गोष्ट आपल्या उन्हाळ्यात विशेष महत्त्वाची. उष्णतेने हिमोग्लोबिन विघटित होतं आणि पॉझिटिव्ह असायला हवा तो नमुना निगेटिव्ह येऊ शकतो. मे महिन्यात ती बाटली दुपारभर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. किटवर लिहिलेल्या तापमानात ठेवून शक्यतो त्याच दिवशी लॅबमध्ये द्या.

या टेस्टची मर्यादाही जाणून घ्या. कॅन्सर झालेल्या दहांपैकी साधारण सात-आठ जणांना फिट एका वेळेत पकडते, पण कॅन्सरकडे झुकलेल्या मोठ्या पॉलिपपैकी जेमतेम चौथा हिस्सा. म्हणूनच ती दर वर्षी करायची असते. पॉलिपला वाढायला वर्षं लागतात, त्यामुळे यंदा निसटलेला पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी सापडण्याची संधी उरते.

एका रिपोर्टचा प्रवास

समजा, इंदूरला राहणाऱ्या ५४ वर्षांच्या एका काकू आहेत. तक्रार काहीच नाही, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही. त्यांची फिट ३४ मायक्रोग्रॅम आली. अनेक ठिकाणी २० ही सीमा धरतात, म्हणजे पॉझिटिव्ह. त्यांना जुनी मूळव्याध आहे, म्हणून त्या दुसऱ्या लॅबमध्ये जातात आणि निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन येतात. आता खरं कुणाचं? दोन्ही खरे. पहिल्या दिवशी रक्त होतं, दुसऱ्या दिवशी नव्हतं. मूळव्याध असणाऱ्या माणसाला पॉलिप होत नाही असंही नाही. म्हणून एकदा पॉझिटिव्ह आली की पुढची पायरी कोलोनोस्कोपी हीच आहे. अमेरिकेत फिट पॉझिटिव्ह आल्यावर कोलोनोस्कोपी झालेल्या ७० हजार लोकांच्या नोंदींत सुमारे ३ टक्क्यांना कॅन्सर निघाला. बाकी ९७ जणांना शंभरात तो नव्हता. त्याच नोंदींत ही तपासणी दहा महिन्यांपलीकडे लांबवणाऱ्यांमध्ये कॅन्सरचं, आणि तोही पुढच्या टप्प्याचा असण्याचं, प्रमाण वाढलेलं दिसलं. तेव्हा धावाधाव नको, पण दिवाळीनंतर, मग लग्नानंतर, मग परीक्षांनंतर असंही नको.

काकूंची खरी परीक्षा आदल्या दिवशी असते. दोन-तीन दिवस आधीपासून बियांची फळं, पालेभाज्या, सालीच्या डाळी बंद. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवायच्या, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक द्रव : नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, भाताची निवळ, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत मात्र नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पोट साफ करायचं औषध पाण्यात मिसळून दोन हप्त्यांत घ्यायचं, अर्धं संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या काही तास आधी. दुसरा हप्ता पहाटे उठून घ्यावा लागला तरी टाळू नका. तोच उजव्या बाजूचं आतडं स्वच्छ करतो, आणि चपटे पॉलिप, जे फारसं रक्तही सोडत नाहीत, तिथेच जास्त लपतात. शेवटी शौचाला पिवळसर, आरपार दिसणारं पाणी होऊ लागलं की तयारी झाली. गढूळ पाणी येत असेल तर तसं स्टाफला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या किंवा डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं ते आठवडाभर आधी विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तपासणीत झोपेचं औषध देऊन बोटाएवढी लवचीक नळी मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत नेतात आणि बाहेर काढताना निरखून पाहतात. परत येण्याच्या या प्रवासाला किमान सहा मिनिटं द्यायला हवीत. काकूंच्या डाव्या बाजूच्या आतड्यात १४ मिलिमीटरचा देठाचा पॉलिप दिसला, आणखी एक ४ मिलिमीटरचा. डॉक्टरांनी तारेचा फास टाकून दोन्ही त्याच वेळी काढले. अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. आतडं फाटणं ही गंभीर गुंतागुंत हजारात एखाद्यापेक्षाही कमी वेळा होते. पॉलिप काढल्यावर मात्र दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून खूप रक्त पडलं, पोट ताठरलं किंवा ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठायचं. त्या दिवशी गाडी स्वतः चालवायची नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट आला : मोठा पॉलिप ॲडेनोमा, कॅन्सर नाही, कडा स्वच्छ. आकार दहा मिलिमीटरच्या वर असल्याने पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. फक्त बारीक एक-दोन ॲडेनोमा असते तर सात ते दहा वर्षांनी चाललं असतं.

आपल्याकडे या कॅन्सरसाठी सरकारी पातळीवर सरसकट तपासणी होत नाही, त्यामुळे सुरुवात आपणच करायची असते. अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून सांगतात. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. आणि ज्यांना शौचात रक्त दिसतं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली आहे, किंवा कारण न सापडता हिमोग्लोबिन उतरतंय, त्यांनी फिटच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नये. त्यांनी डॉक्टरांकडे जायचं.

काकूंनी तो बायोप्सीचा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला आणि त्याचा फोटो पुण्यातल्या धाकट्या भावाला पाठवला. मोठा ॲडेनोमा निघालेल्या व्यक्तीच्या भावंडांनी आणि मुलांनीही चाळिशीपासून तपासणी करायची असते. भाऊ आता ४८ वर्षांचा आहे.